फ्रेंच लोक कर्मणी प्रयोग का टाळतात? पार्श्वभूमी लॅटिनपासून

फ्रेंच शिकणाऱ्याला बी वन म्हणजे मधल्या लेव्हलच्या आसपास कर्मणी प्रयोग शिकवतात, एत्र म्हणजे 'असणं' हे क्रियापद घ्या, पुढे भूतकाळी धातुसाधित लावा, कर्त्याला 'पार' म्हणजे 'कडून' हा शब्द लावून मागे टाका, झालं. व्यायामाची दहा वाक्यं सोडवून होतात आणि मग खरी फ्रेंच माणसं बोलताना ऐकली की लक्षात येतं की ही वाक्यं फारशी कोणी बोलतच नाही. ती माणसं 'ऑं' हे सर्वनाम वापरतात, नाहीतर 'स' म्हणजे 'स्वतःला' वापरतात. म्हणजे पुस्तकातलं चूक आहे असं नाही, पण त्या एत्रवाल्या प्रयोगात एक जुनी खोट आहे आणि ती समजून घ्यायला थेट लॅटिनपर्यंत मागे जावं लागतं.

दाराचंच उदाहरण घेऊ. लॅटिनमध्ये दोन वेगळी रूपं होती. पोर्ता क्लौदितुर म्हणजे दार बंद केलं जातंय, आत्ता, क्रिया चालू आहे. आणि पोर्ता क्लौसा एस्त म्हणजे दार बंद केलं गेलंय, क्रिया संपली. पहिल्यात कर्मणीपणा प्रत्ययातच होता, शेवटच्या त्या तुरमध्ये. पुढे बोलीभाषेत हे तुरवालं सगळं घराणंच बुडालं, फ्रेंच काय, इटालियन आणि स्पॅनिशमध्येही ते उरलं नाही. मग रिकाम्या जागेवर दुसरं रूप सरकलं, म्हणजे जे आधी 'बंद केलं गेलंय' होतं तेच आता 'बंद केलं जातंय' चं काम करायला लागलं. पण जुना अर्थ काही पूर्ण गेला नाही, आणि इथेच सगळी गडबड आहे.

आजच्या फ्रेंचमध्ये ला पोर्त ए फेर्मे म्हणा, ऐकणारा काय समजेल? दार बंद आहे. बस. कोणी बंद करतंय असं त्याच्या डोक्यात येणार नाही, कारण फेर्मे हे धातुसाधित विशेषणासारखं ऐकू येतं, लाल दार, मोठं दार, बंद दार. कर्ता जोडलात, ला पोर्त ए फेर्मे पार ल गार्दियँ, तर मग क्रिया परत दिसायला लागते, रखवालदार दार बंद करतो. काळ बदलला तरी फरक पडतो: ला पोर्त फ्यू फेर्मे किंवा रोजच्या बोलण्यातलं ला पोर्त आ एते फेर्मे म्हटलं की घटना घडली हे कळतं, पण ला पोर्त एते फेर्मे म्हटलं की पुन्हा नुसती स्थिती, दार बंद होतं. म्हणजे भोक नेमकं वर्तमानकाळात आणि अपूर्ण भूतकाळात आहे, आणि तेही सगळ्या क्रियापदांना नाही. ज्या क्रियेला शेवट असतो, बंद करणं, मोडणं, लिहून संपवणं, तिथेच. प्रेम करणं किंवा पाळत ठेवणं यांना तसा शेवट नसतो, म्हणून इल ए स्युर्व्हेये म्हणजे सरळ 'त्याच्यावर पाळत ठेवली जाते', काही घोळ नाही.

बाकीच्या भाषांनी यावर आपापली सोय केली. जर्मनने वेर्डन आणि झाइन अशी दोन सहाय्यक क्रियापदं ठेवली, स्पॅनिशकडे सेर आणि एस्तार आहेत, इटालियन येणं या अर्थाचं क्रियापद वापरून क्रिया दाखवते. फ्रेंचकडे एकटं एत्र. त्यामुळे दार आत्ता बंद होतंय हे सांगायचं तर ते कर्मणी सोडतात आणि म्हणतात ऑं फेर्म ला पोर्त, किंवा ला पोर्त स फेर्म.

आता हा ऑं कोण? तो लॅटिनमधला होमो, माणूस. त्याचं कर्माचं रूप होमिनेम, त्यातून आलं ऑम, म्हणजे माणूस किंवा पुरुष, आणि कर्त्याच्या रूपातून आला ऑं. एकाच शब्दाची दोन पोरं, एक नाम राहिलं, एक सर्वनाम झालं. पुरावा फार जुना आहे. 842 साली स्ट्रासबुर्गला फ्रँक राजघराण्यातल्या दोन भावांनी, जर्मन लुडविग आणि टकला चार्ल्स, तिसऱ्या भावाच्या विरोधात एकमेकांना शपथा दिल्या, आणि लुडविगने ती चार्ल्सच्या सैन्याला कळावी म्हणून रोमान्स म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या भाषेत घेतली. त्या शपथेत 'ओम' येतो, माणसाने हक्काने आपल्या भावाला सांभाळावं तसं मी सांभाळीन, अशा अर्थाने. आपणही 'माणसाने जरा जपून राहावं' म्हणतो तेव्हा कुठला विशिष्ट माणूस अभिप्रेत नसतो, अगदी तेच. लिहिताना कधीकधी दिसणारा लॉं, म्हणजे सी लॉं, 'जर कोणी', वगैरे, त्यातला ल हे जुन्या उपपदाचं उरलेलं शेपूट आहे, कारण मुळात ते नामच होतं ना.

नंतर ऑं इतका सैल झाला की आज बोलण्यात त्याने नूला म्हणजे 'आम्ही'ला जवळजवळ हाकलूनच दिलंय. ऑं-नी-व्हा म्हणजे चला निघूया. पण ऑं मा व्होले मों व्हेलो म्हटलं की माझी सायकल कोणीतरी चोरली, इथे ऑं म्हणजे मी सोडून दुसरं कोणीतरी, चोर. संदर्भावरून कळतं, त्यामुळे फार कोणाचं अडत नाही. अडतं ते वेगळ्या ठिकाणी: ऑं हा कायम माणूसच असतो. भूकंपाने शहर उद्ध्वस्त झालं हे ऑंने सांगता येत नाही, ऑं आ देत्रुई ला व्हील म्हटलं तर कोणी माणसांनी ते पाडलं असा अर्थ होतो. तिथे मात्र गपचूप एत्रवाला कर्मणी घ्यावा लागतो, पुढे पार आणि भूकंप.

स ची गोष्ट जरा वेगळी. मूळ अर्थ स्वतःला, पण दार स्वतःला कसं बंद करणार, म्हणून निर्जीव कर्त्याबरोबर त्याचा अर्थ आपोआप कर्मणीकडे झुकला. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या लिखाणात स बरोबर पार लावून कर्ताही सांगितलेला सापडतो, आज तसं कोणी करत नाही, कर्ता सांगायचा असेल तर स चालत नाही. आज ते मुख्यतः रीत सांगायला वापरतात. ल व्हँ ब्लाँ स ब्वा फ्रे, व्हाइट वाइन थंडच पितात. सा न स फे पा, असं करत नाहीत (हे वाक्य फ्रेंच आया दिवसातून किती वेळा म्हणत असतील देव जाणे). आणि कर्ता सजीव असला की गाडी अडकते: ले झाँफाँ स लाव्ह म्हणजे मुलं स्वतः आंघोळ करतात, त्यांना कोणी घालतंय असं नाही.

माणसाला काही झालं हे सांगायला मग तिसरी वाट निघाली, स फेर, म्हणजे 'स्वतःला करवून घेणं'. इल से फे राँव्हेर्से पार यून व्ह्वातूर, त्याला गाडीने उडवलं. शब्दशः पाहिलं तर त्याने स्वतःला उडवून घेतलं, आणि काही व्याकरणवाल्यांना यात त्याचाच दोष असल्याचा वास येतो, पण बोलणारे तसा विचार करत नाहीत. तिचीच जरा सभ्य बहीण स व्ह्वार, शब्दशः 'स्वतःला पाहणं', पेपरात हमखास भेटणारी: इल से व्ह्यू रफ्युझे सों व्हिझा, त्याला व्हिसा नाकारला गेला. ही हवीच, कारण इंग्रजीसारखं 'ज्याला नाकारलं' त्या माणसाला कर्ता करून एत्रवाला कर्मणी बनवणं फ्रेंचला जमत नाही, मागे आ म्हणजे 'ला' हे अव्यय लागलेला माणूस पुढे येत नाही. अपवाद दोनतीनच, आज्ञा पाळणं, ती मोडणं आणि माफ करणं, म्हणजे ओबेइर, देझोबेइर आणि पार्दोने. पूर्वी ओबेइरला सरळ कर्म लागायचं, नंतर आ चिकटला, पण जुना कर्मणी तसाच राहिला, म्हणून आजही इल एत ओबेइ चालतं.