लेबल, घरगुती खाद्यपदार्थांवरील

घरी करून पाकिटातून विकल्या जाणाऱ्या चकली, लाडू, चिवडा, पापड यांसारख्या पदार्थांवर घटक, वजन, तारीख आणि साठवणीची सूचना देणारा मजकूर. भारतात दोन स्वतंत्र कायदे त्याला लागू होतात. घटक आणि तारीख अन्नसुरक्षा व मानके (लेबलिंग व प्रदर्शन) विनियम, २०२० प्रमाणे लिहितात, तर वजन आणि किंमत वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा आणि १९७७ चे आवेष्टित वस्तू नियम हे यांचे पूर्वज. मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असणे बंधनकारक आहे. मराठी जोडीला चालते. त्यामुळे केवळ मराठी लेबल कितीही नेटके असले तरी कायद्याला पुरत नाही.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. भाजणीच्या चकलीत इथेच घोळ होतो. एक किलो भाजणीत तांदूळ ५०० ग्रॅम, हरभराडाळ २५०, उडीदडाळ १२५, मूगडाळ ७५ आणि धणे-जिरे ५० ग्रॅम आहेत असे धरू. तळणीपूर्वी आणि तळणीनंतर कढईतले तेल वजन केले, मोहन धरले आणि एकूण ४५० ग्रॅम तेल चकलीत गेले. ‘भाजणी’ हा संयुक्त घटक धरून कंसात तिची फोड दिली, तर तेल भाजणीनंतर दुसरे येते. धान्ये सुटी लिहिली, तर तेल तांदळानंतर पण हरभराडाळीच्या आधी येते. दोन्ही पद्धती ग्राह्य आहेत. पहिली वाचायला सोपी, म्हणून श्रेयस्कर. तेल सवयीने शेवटी, मिठाशेजारी लिहिणे मात्र चूकच. नुसते ‘खाद्यतेल’ न लिहिता शेंगदाणा, सूर्यफूल असे नावही द्यावे लागते. पीठ भिजवायचे पाणी तळताना उडून जाते, म्हणून ते लिहीत नाहीत.

हिंगाकडे सहसा दुर्लक्ष होते. बाजारातल्या डबीतला बांधानी हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंक आणि बहुधा गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ असते. चकलीत गहू नाही म्हणून ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिणाऱ्याने आधी हिंगाची डबी वाचावी. ग्लुटेन असलेली धान्ये, दूध, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन वगैरे ॲलर्जीकारक घटक लेबलवर वेगळे सांगावे लागतात, प्रमाण चिमूटभर असले तरी.

वजन म्हणजे पिशवी वगळून आतल्या मालाचे वजन. २५० ग्रॅमच्या पाकिटात ९ ग्रॅमपर्यंतची तूट सहन केली जाते, पण तपासलेल्या पाकिटांची सरासरी २५० च्या खाली जाता कामा नये. एक चकली पंधरा-वीस ग्रॅम भरते, म्हणून नगावर पाकीट भरले की वजन हुकते. शेवटचा तुकडा काट्यावरच ठरवावा. विक्रीसाठी वैधमापन खात्याचा शिक्का असलेला काटा लागतो. स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर तो नसतो.

तारखेबाबत मतभेद आहे: ती तळण्याच्या दिवसापासून मोजावी की पाकीटबंद केल्याच्या? विनियमात उत्पादन किंवा पाकीटबंदीची तारीख, असे दोन्ही पर्याय दिसतात. डब्यात आठवडाभर राहिलेल्या चकलीवर पाकीटबंदीची तारीख घालणे गिऱ्हाइकाला फसवणारे वाटते. तळणीचा दिवस धरणे अधिक प्रामाणिक. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख आता ऐच्छिक आहे. ‘एक्सपायरी’ अथवा ‘यूज बाय’ अनिवार्य.

मुदत दुसऱ्याच्या लेबलवरून उतरवता येत नाही. चकली दोन तऱ्हांनी बिघडते. ओल शोषून ती सादळते. ती पुन्हा गरम केली की कुरकुरीत होते. तेल हवेने व उजेडाने खवट होते, आणि त्यावर उपाय नाही. मुदत म्हणून खवटपणावरून ठरवायची. एकाच घाण्याची काही पाकिटे विक्रीच्याच पिशवीत, घरातल्या नेहमीच्या उष्म्यात ठेवावीत आणि दर आठवड्याला एक फोडून वास घ्यावा, चव पाहावी. सहाव्या आठवड्यात जुनाट तेलाचा वास आला, तर लेबलवर चार आठवडेच लिहावेत, कारण गिऱ्हाइकाचे पाकीट उन्हात किंवा गाडीतही राहू शकते. पातळ पिशवीऐवजी जाड लॅमिनेटेड पिशवी वापरली तर चाचणी पुन्हा करावी लागते. चकली कोमट असतानाच पिशवी बंद केली, तर आत दव धरते आणि सारा हिशेब फसतो.

‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ ही सूचना जवळजवळ प्रत्येक पाकिटावर आढळते. तीपेक्षा ‘उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, दहा दिवसांत संपवा’ ही उपयोगी, अर्थात दहा दिवस तपासलेले असतील तर. पुरणपोळी, ओल्या नारळाच्या करंज्या अशा ओलसर पदार्थांना हा मार्ग लागू नाही. त्यांत बुरशी व जिवाणू वाढतात आणि वासावर विसंबता येत नाही, तेव्हा प्रयोगशाळेतूनच तपासणी करून घ्यावी.

परदेशी पाठवायच्या फराळाला त्या देशाचे नियम लागतात. तीळ भारताच्या ॲलर्जीकारक यादीत नाहीत. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून ते प्रमुख ॲलर्जीकारकांत धरले जातात, आणि युरोपीय संघात त्याआधीपासून. तिथे जाणाऱ्या चकलीच्या पाकिटावर तीळ ठळक लिहावे लागतात.