समन्वयकाचा रेझ्युमे आणि प्रोजेक्ट मॅनेजरचा रेझ्युमे: पदनाम झाकून वाचा

प्रोजेक्ट मॅनेजरच्या जागेसाठी आलेले रेझ्युमे चाळताना एक घोळ नेहमी होतो. वर ‘सीनियर प्रोजेक्ट मॅनेजर’ लिहिलेला कागद पुढे जातो, ‘डिलिव्हरी लीड’ किंवा ‘इम्प्लिमेंटेशन इंजिनिअर’ लिहिलेला मागे राहतो. पदनाम प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने देते. एका ठिकाणचा प्रोजेक्ट मॅनेजर दुसऱ्या ठिकाणी समन्वयक ठरतो, आणि उलटही होतं. म्हणून पहिल्या वाचनात पदनामावर बोट ठेवून ते झाकावं आणि फक्त खालच्या ओळी वाचाव्यात.

समन्वयकाचं काम सगळ्यांना माहीत असतं. बैठका लावणं, इतिवृत्त लिहिणं, ट्रॅकर भरणं, कोणाचं काय अडलंय ते विचारत राहणं, आठवड्याचा स्टेटस रिपोर्ट पाठवणं. काम महत्त्वाचं आहे आणि चांगला समन्वयक मिळणं कठीण असतं, पण या लेखात त्याच्यावर याहून जास्त लिहिण्याची गरज नाही.

अडचण अशी की प्रोजेक्ट मॅनेजरही हे सगळं करतो, विशेषतः टीम छोटी असली की. त्यामुळे रेझ्युमेत ‘साप्ताहिक आढावा बैठक घेतली’ असं दिसलं म्हणून तो समन्वयक ठरत नाही. पाहायचं ते हे की त्यापलीकडे काही आहे का. क्रियापदांवर विसंबू नका. ‘नेतृत्व केलं’, ‘सांभाळलं’, ‘राबवलं’ हे सगळेच लिहितात. त्या क्रियापदाचं कर्म काय आहे ते बघा. समन्वयकाच्या ओळीत कर्म असतं बैठक, रिपोर्ट, पाठपुरावा. मॅनेजरच्या ओळीत ते असतं तारीख, पैसा, कामाची व्याप्ती, किंवा या तिघांत ओढाताण झाली तेव्हा घेतलेला निर्णय.

रिस्क रजिस्टर, म्हणजे प्रोजेक्टमधल्या धोक्यांची नोंदवही, हे याचं उत्तम उदाहरण. ‘रिस्क रजिस्टर अद्ययावत ठेवलं’ ही समन्वयकाची ओळ आहे. ‘जुन्या सिस्टिमचा डेटा खराब निघण्याचा धोका पहिल्या महिन्यात नोंदवला, त्यासाठी तीन आठवड्यांची चाचणी वेळापत्रकात घातली’ ही मॅनेजरची. विषय तोच, पण दुसऱ्या ओळीत कोणीतरी वेळापत्रकाला हात लावला आहे. बदलाच्या मागणीचंही तसंच. ‘चेंज रिक्वेस्टची नोंद ठेवली’ म्हणजे कागद सांभाळले. त्या मागणीने किती दिवस आणि किती पैसे वाढतील याचा हिशोब करून ती घ्यावी की नाकारावी हे ज्याने सांगितलं, तो मॅनेजर.

इथे दुसऱ्या टोकाला जाऊन चूक करणारेही भेटतात. ते विचारतात, ‘बजेटवर सही याची होती का?’ बऱ्याच ठिकाणी सही प्रायोजकाची, म्हणजे प्रोजेक्टला पैसा आणि मंजुरी देणाऱ्या वरिष्ठाची, किंवा वित्त विभागाची असते. चांगल्या प्रोजेक्ट मॅनेजरकडेही सहीचा अधिकार नसू शकतो. विचारायला हवं ते असं: उरलेल्या खर्चाचा अंदाज कोण बांधत होतं, शिफारस कोणाची होती, आणि तारीख चुकली तेव्हा जाब कोणाला विचारला गेला? या तिन्हींची उत्तरं रेझ्युमेत पूर्ण मिळणार नाहीत, पण त्यांचा माग ओळींत दिसला पाहिजे.

डिलिव्हरीच्या नोंदी वाचतानाही हीच कसोटी लागते. ‘सर्व प्रोजेक्ट शंभर टक्के वेळेत पूर्ण’ ही ओळ पाहिली की मला संशय येतो. वेळेत म्हणजे कोणत्या वेळेत? मूळ मंजूर वेळापत्रकाला बेसलाइन म्हणतात. मुदत दोनदा वाढवून तिसऱ्या तारखेला काम संपवलं, तर तिसऱ्या तारखेच्या हिशोबाने ते वेळेतच असतं. म्हणून आकडे जोडीने हवेत: ठरलेलं किती, झालेलं किती, फरक का पडला. नऊ महिन्यांचं काम अकरा महिन्यांत संपलं आणि त्याचं कारण दोन वाक्यांत लिहिलं असेल, तर त्या ओळीला जास्त गुण द्यावेत. मूळ तारीख ठाऊक असणं हाच ती तारीख त्याच्या अंगावर होती याचा बऱ्यापैकी पुरावा असतो.

टीमच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. ‘15 जणांची टीम’ या तीन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी दडतात: थेट हाताखाली असलेली माणसं, दुसऱ्या विभागांतून प्रोजेक्टपुरती आलेली माणसं, आणि बाहेरच्या पुरवठादाराची माणसं. पहिल्यांवर अधिकार चालतो. उरलेल्यांकडून काम करून घेणं ही वेगळी कला आहे, आणि प्रोजेक्ट मॅनेजरला तीच जास्त लागते. जाहिरातीत क्रॉस-फंक्शनल टीम मागितली असेल, तर थेट हाताखालच्या 15 जणांपेक्षा वेगवेगळ्या विभागांतले सात जण अधिक जवळचे ठरतात.

कार्यपद्धतीच्या रकान्यावर तर फार वेळ घालवूच नये. अजाईल, स्क्रम, कानबान, वॉटरफॉल, सगळं एका ओळीत आणि पुढे पाच पैकी पाच चांदण्या, अशी ओळ शून्य धरावी. एकच लक्षात ठेवावं: स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेत प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर या तीनच भूमिका आहेत, प्रोजेक्ट मॅनेजर नावाची भूमिका नाही. त्यामुळे दोन वर्षं स्क्रम मास्टर असणं आपोआप दोन वर्षांचं प्रोजेक्ट मॅनेजमेंट होत नाही. जाहिरातीत हायब्रिड पद्धत मागितली असेल, तर बाहेर ठरलेली तारीख आणि आत स्प्रिंट, म्हणजे कामाचे छोटे ठरावीक टप्पे, या दोघांची सांगड कशी घातली ते एखाद्या तरी प्रोजेक्टच्या ओळीत दिसायला हवं.

आता एक बनवलेलं पण नेहमीचं उदाहरण घेऊ. जाहिरात बिलिंग सिस्टिम बदलण्याच्या कामासाठी आहे. मागणी अशी: प्रोजेक्ट सांभाळण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव, क्रॉस-फंक्शनल टीम, खर्चाची जबाबदारी, प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं पीएमपी प्रमाणपत्र आवश्यक, स्क्रमचं प्रमाणपत्र असल्यास प्राधान्य.

पहिला रेझ्युमे ‘सीनियर प्रोजेक्ट मॅनेजर, 6.5 वर्षे अनुभव, पीएमपी’ असा. तारखा मांडून बघू. जानेवारी 2019 ते जून 2021 प्रोजेक्ट ऑफिसमध्ये समन्वयक, म्हणजे 30 महिने. मग जुलै 2021 ते जून 2023 पहिला प्रोजेक्ट, 24 महिने. जानेवारी 2023 ते डिसेंबर 2024 दुसरा प्रोजेक्ट, 24 महिने. बेरीज 78, म्हणजे साडेसहा वर्षं. पण 2023 चे पहिले सहा महिने दोनदा मोजले गेलेत. ते काढले की राहतात 72. समन्वयाचे 30 काढले की 42. शिवाय पहिल्या प्रोजेक्टखालच्या चारही ओळी बैठका, रिपोर्ट, रजिस्टर आणि पाठपुराव्याच्या आहेत. तारीख, खर्च किंवा व्याप्तीवर हात ठेवल्याची खूण फक्त दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये दिसते. तेव्हा कागदावर सिद्ध होणारा अनुभव 24 महिन्यांचा. मागणी होती 60 महिन्यांची.

दुसऱ्या रेझ्युमेवर पदनाम ‘डिलिव्हरी लीड’. तीन प्रोजेक्ट एकामागोमाग: 20, 11 आणि 31 महिने, एकूण 62. मधल्या प्रोजेक्टची ओळ अशी: ‘मूळ मुदत 9 महिने, प्रत्यक्ष 11. चौथ्या महिन्यात ग्राहकांची दुबार खाती सापडली. अहवालांचं मॉड्यूल दुसऱ्या टप्प्यात ढकलण्याची शिफारस केली, प्रायोजकाने मान्य केली. खर्च मंजुरीपेक्षा 6 टक्के जास्त. टीम 12: थेट 2, इतर विभागांतले 7, पुरवठादाराचे 3.’ जे शोधत होतो ते सगळं या एका ओळीत आहे. प्रमाणपत्रांच्या रकान्यात मात्र ‘पीएमपी प्रशिक्षण, 35 तास’ एवढंच लिहिलंय.

आणि इथे दुसरा, लहान घोळ होतो. 35 तासांचं प्रशिक्षण म्हणजे पीएमपी नव्हे. ती परीक्षेला बसण्याच्या पात्रतेतली एक अट आहे. चार वर्षांची पदवी असेल तर तिच्यासोबत प्रोजेक्टचं नेतृत्व केल्याचे 36 महिने लागतात, आणि एकाच वेळी चाललेल्या दोन प्रोजेक्टचे महिने तिथेही एकदाच मोजतात. परीक्षा झाल्यावरही प्रमाणपत्र तीन वर्षंच टिकतं. पुढे चालू ठेवायला त्या काळात 60 पीडीयू, म्हणजे पुढच्या शिक्षणाचे गुण, जमवावे लागतात. म्हणून ‘पीएमपी’ दिसलं की ते चालू आहे की मुदत संपलेलं, हे ते प्रमाणपत्र देणाऱ्या पीएमआय या संस्थेच्या ऑनलाइन नोंदवहीत नाव घालून बघावं. ‘पीएमपी, तयारी सुरू’ असं लिहिलेलं असेल तर त्या रकान्यात ‘नाही’ भरावं. सीएपीएम हे सुरुवातीच्या पातळीचं प्रमाणपत्रही पीएमआयचंच, पण त्याला अनुभवाची अट नाही. त्याला पीएमपीच्या जागी धरू नये. स्क्रमच्या प्रमाणपत्रांत सीएसएम दर दोन वर्षांनी नव्याने चालू करावं लागतं, पीएसएम एकदा मिळालं की संपत नाही. एवढा फरक माहीत असला तरी प्राधान्याच्या अटीला पुरे.

मग पहिल्याकडे पीएमपी आहे, म्हणजे 36 महिने तर सिद्ध झालेच ना? नाही. पीएमआय सगळ्या अर्जांची कागदपत्रं तपासत नाही, निवडक अर्जांचीच छाननी करते. बाकीच्यांच्या बाबतीत अनुभव उमेदवाराने स्वतः भरलेला असतो. प्रमाणपत्र अनुभवाच्या रकान्यात पुन्हा मोजलं, तर एकाच गोष्टीला दोनदा गुण दिल्यासारखं होतं.

तर निकाल काय? जाहिरात जशी आहे तशी धरली, तर दोघेही बसत नाहीत: पहिला अनुभवात कमी पडतो, दुसरा प्रमाणपत्रात. दुसरा जास्त पटला म्हणून त्याच्यासाठी ‘आवश्यक’ची अट गुपचूप सोडणं ही सगळ्यात वाईट वाट. तीच अट वाचून अर्ज न केलेले लोक असतात, आणि त्याच अटीवर आधी नाकारलेलेही. भरती करणाऱ्या विभागाला विचारावं की पीएमपी ग्राहकाच्या करारात मागितलंय, की जुन्या जाहिरातीतून उचलून चिकटवलंय. करारात असेल तर दुसऱ्याला नकार. नसेल तर ‘रुजू झाल्यापासून सहा महिन्यांत’ अशी अट करून जाहिरात सुधारून पुन्हा लावावी आणि आधी नाकारलेले रेझ्युमे परत काढावेत.

पहिल्यालाही लगेच फेकू नये. पहिल्या प्रोजेक्टच्या ओळी नुसत्या वाईट लिहिलेल्या असू शकतात. फोनवर एकच प्रश्न पुरतो: ‘2022 मध्ये त्या प्रोजेक्टची तारीख पुढे गेली असती, तर नवी तारीख कोणी ठरवली असती आणि कशावरून?’ उत्तर ‘मी टीमचे अंदाज घेऊन प्रायोजकापुढे दोन पर्याय ठेवले असते’ असं आलं, की लगेच विचारावं तसं प्रत्यक्ष कधी झालं. ‘तसं आमचे मॅनेजर बघायचे’ असं आलं, तर तुमचे 24 महिने बरोबर निघाले.