टच खेळताना बिघडतो, दुकानात मात्र नीट चालतो: फोन आणण्याआधी एवढं करून पाहा

गेम खेळणाऱ्यांचे फोन आमच्याकडे आले की पहिली पाच मिनिटं ठरलेली असतात. ग्राहक सांगतो, फायरचं बटण मधूनच लागत नाही, नेम आपोआप आभाळाकडे जातो, काल तर कोणी हात न लावता ग्रेनेड फुटला. आम्ही फोन घेऊन बोट फिरवतो, तर टच अगदी व्यवस्थित. ग्राहक ओशाळतो, "घरी नक्की होत होतं हो" म्हणतो, आणि आम्हालाही ते खरंच वाटतं. कारण घरी फोन तापलेला होता, चार्जरला लावलेला होता, अंगठे घामेजलेले होते. दुकानात यातलं काहीच नसतं.

आमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक या चार्जरचीच आहे. फोन चार्जिंगला लावून खेळायचं, चार्जिंगला लावूनच टच तपासायचा, आणि "स्क्रीन गेली, बदलून द्या" म्हणत यायचं. स्क्रीन बदलून दिली तर घरी गेल्यावर तोच चार्जर, तोच त्रास आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आमच्या दारात.

चार्जरने असं का होतं, ते थोडक्यात सांगतो. काचेखाली अतिशय बारीक, पारदर्शक तारांची आडवी-उभी जाळी असते. बोट टेकलं की त्या जागी तारांमधली विद्युत धारिता किंचित बदलते आणि टचची चिप तेवढ्यावरून बोटाची जागा ठरवते. हा बदल फार छोटा असतो. हलक्या दर्जाचा चार्जर वायरमधून विजेचा गोंगाट सोडतो आणि बोट टेकल्यावर तो गोंगाट त्या बोटाखालच्या तारेत शिरतो. मग चिपला त्याच तारेच्या ओळीत आणखी एक बोट असल्याचा भास होतो. चार्जरमुळे आपोआप होणारा हा टच, म्हणजे घोस्ट टच, म्हणून ओळखता येतो: तुमचं बोट स्क्रीनवर असेल तेव्हाच तो येतो, आणि बहुतेक वेळा बोटाच्या सरळ रेषेत, आडवा किंवा उभा. काचेत किंवा जोडणीत बिघाड असेल तर बोट टेकवायचीही गरज नसते. फोन टेबलावर एकटा पडलेला असतानाही टच होतो, आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी होतो.

तपासायला कुठलंही अ‍ॅप उतरवू नका. 'टच दुरुस्त करणारी' अ‍ॅप तर मुळीच नकोत, तुटलेली तार सॉफ्टवेअरने सांधत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये साधन आधीच आहे. सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीच्या पानावर Build number शोधा आणि त्यावर सात वेळा टिचकी मारा. मग Developer options उघडतं, त्यात Pointer location चालू करा. आता बोट टेकवलं की तिथे आडवी-उभी रेघ दिसेल आणि वरच्या पट्टीत X, Y हे आकडे येतील. त्याच पट्टीत डावीकडे P: 1 / 1 असं काहीतरी असतं, आणि आमच्या मते सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच. पहिला आकडा म्हणजे या क्षणी टेकलेली बोटं. दुसरा म्हणजे पहिलं बोट टेकल्यापासून एका वेळी जास्तीत जास्त किती बोटं दिसली.

चार्जर काढा, स्क्रीन कोरड्या कापडाने पुसा, आणि जॉयस्टिकच्या जागी एक बोट दोन मिनिटं टेकवून ठेवा. शेवटपर्यंत P: 1 / 1 राहिलं पाहिजे. दुसरा आकडा 2 झाला तर मध्ये एक परकं बोट येऊन गेलं, तुम्ही तेव्हा दुसरीकडे बघत असलात तरी. मग हात पूर्ण काढा आणि फोन टेबलावर ठेवून पाहा. कोणी न शिवता पहिला आकडा 0 वरून 1 झाला तर ते आमचं काम. नंतर हेच सगळं चार्जर लावून करा. बिघाड फक्त चार्जरवर दिसला तर चार्जर बदला, किंवा खेळताना पॉवर बँक लावून फरक पडतो का बघा. आमच्याकडे यायची गरज नाही.

जिथे टच लागतच नाही असा मेलेला पट्टा शोधायची तऱ्हा वेगळी. बोटाच्या टोकाने, अगदी सावकाश, स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघा ओढा, आडव्याही आणि उभ्याही. आडवा अंगठा घासून तपासू नका. अंगठा एकाच वेळी दोन-तीन तारा झाकतो, त्यातली एक मेली असली तरी शेजारच्या तिला सांभाळून घेतात, आणि तुम्हाला फक्त रेघेने छोटी उडी मारल्यासारखी दिसते. टोकाने ओढलं की खरं कळतं. मेलेल्या जागी बोट 'उचललं' गेलं असं फोन समजतो आणि पलीकडे गेल्यावर नवा टच मोजतो. त्या क्षणी मागची रेघ पुसली जाते आणि नवी सुरू होते. जिथे पुसली गेली तिथले आकडे लिहून ठेवा.

आयफोनवर हे साधन नाही. तिथे एखादं आयकॉन दाबून धरा आणि ओढत सगळ्या स्क्रीनभर फिरवा. ते पुन्हा पुन्हा एकाच जागी हातातून सुटत असेल तर तीच जागा.

एकदा आलेला एक फोन सांगतो म्हणजे हे आकडे कशाला हवेत ते कळेल. स्क्रीन 1080 बाय 2400 ची, खरचटलेली पण न फुटलेली. तक्रार अशी की उजव्या अंगठ्याने नेम डावीकडे ओढताना मधेच तुटतो. ग्राहकाने दोनदा गेम काढून पुन्हा टाकला होता, फोन एकदा पूर्ण रिकामाही केला होता. उभ्या फोनवर रेघ ओढली तर ती दर वेळी Y 1560 ते 1620 च्या दरम्यान तुटायची, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत सगळीकडे. म्हणजे जेमतेम चार मिलिमीटरचा, पण पूर्ण रुंदीचा पट्टा. डाग एकाच जागी असता तर काचेचा स्थानिक मार म्हटलं असतं. कडेपासून कडेपर्यंत सरळ पट्टा म्हणजे जाळीतली एक तार गेली, नाहीतर डिस्प्लेला फोनशी जोडणाऱ्या पट्टीवरची तिची जोडणी सुटली.

आम्ही आधी फोन उघडून डिस्प्लेची पट्टी काढून, साफ करून पुन्हा बसवली. पडलेल्या फोनमध्ये कधी कधी तेवढ्यानेच भागतं, म्हणून नवी स्क्रीन लावण्याआधी आम्ही हे करतोच. काही ग्राहकांना हा वेळकाढूपणा वाटतो. या फोनमध्ये त्याने फरक पडला नाही, आणि ग्राहकाला स्क्रीन लगेच बदलायची नव्हती.

मग उपाय खेळण्याचा. फोन आडवा धरला की उभेपणीचा Y हा आडवेपणीचा X होतो. फोनचा माथा डावीकडे धरला तर पट्टा X 1560 ते 1620 वर, म्हणजे उजव्या अंगठ्याच्या वाटेतच. फोन उलटा फिरवून माथा उजवीकडे घेतला तर आकडे 2400 मधून वजा होतात आणि पट्टा X 780 ते 840 वर जातो. तिथे डावा अंगठा जॉयस्टिक सोडून सहसा पोचत नाही, उजवा तर नाहीच. गेमने नुसत्या फिरवण्याने स्क्रीन उलटवली आणि नेम तुटायचा थांबला. चार्जिंगचं तोंड आता डाव्या तळहाताखाली येत होतं, तर तेवढीच आठवण की खेळताना चार्जर लावायचा नाही.

फोन उलटा धरूनही पट्टा बटणावरच येत असेल तर गेममधल्या कंट्रोल्सच्या मांडणीत जाऊन बटणं सरकवा. बटण पट्ट्याच्या नुसतं बाजूला नको, अंगठ्याच्या रुंदीएवढं दूर हवं. जॉयस्टिक बोटामागे फिरणारी असेल तर ती एका जागी स्थिर करा, नाहीतर ती स्वतःच पट्ट्यावर जाऊन बसते. नेमासाठी गायरो, म्हणजे फोन हलवून नेम फिरवायची सोय, असेल तर लांब ओढ कमी लागते.

घोस्ट टचसाठी मात्र उलट विचार करावा लागतो, आणि इथे बरेच जण फसतात. ज्या जागी आपोआप टच होतो तिथली बटणं हटवून ती जागा मोकळी ठेवली की सुटलो, असं वाटतं. पण अशा गेममध्ये उजवीकडची मोकळी जागा नेम फिरवते आणि डावीकडची जॉयस्टिक चालू करते. म्हणून त्या जागेवर एखादं निरुपद्रवी बटण मोठं करून आणि फिकट करून ठेवा, जे लागलं तरी काही बिघडत नाही. आपोआप होणारा टच तेच गिळतं. हे एका जागी होणाऱ्या घोस्ट टचला चालतं. तो स्क्रीनभर धावत असेल तर मांडणीने काही होणार नाही.

एक खोटा बिघाडही सांगून ठेवतो. तिसरं बोट टेकताच सगळे टच सुटतात, पण Pointer location मध्ये तीन बोटांना P: 3 / 3 नीट दिसतं? मग तीन बोटांनी स्क्रीनशॉट घ्यायची सोय बंद करून पाहा.

आणि एका बाबतीत खेळ तिथेच थांबवा. घोस्ट टच वाढतोय आणि स्क्रीन कडेने उचलल्यासारखी किंवा मागचं झाकण फुगल्यासारखं दिसतंय, तर बॅटरी फुगून आतून स्क्रीनला ढकलते आहे. दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, चार्जिंगला लावू नका, फोन बंद करून आणा.

आम्ही फोन अर्धा दिवस ठेवून घेतो आणि स्क्रीन गार्ड काढायला सांगतो, यावर नाराजी होते. गार्डखाली धूळ किंवा हवा असेल तर टच दबतो आणि ते काढल्याशिवाय खरं कळत नाही. फोन तापवून, थंड करून, आमच्या चार्जरवर आणि तुमच्या चार्जरवर, अशा चार वेळा आम्ही तपासतो. हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये टच आणि डिस्प्ले एकाच तुकड्यात असतात, नुसता टच बदलता येत नाही. एवढं खर्चाचं काम अंदाजाने करायचं नाही, हा आमचा नियम. स्क्रीन बदलली तर परत देताना हीच दोन मिनिटांची चाचणी तुमच्यासमोर करतो, पाच बोटं एकदम टेकवून.

तेव्हा येताना तुमचा नेहमीचा चार्जर आणा आणि एका चिठ्ठीवर लिहून आणा: बिघाड कुठल्या आकड्यांवर दिसतो, किती वेळ खेळल्यावर, चार्जर लावलेला असताना की नसताना. घोस्ट टच होत असेल तर रात्री फोन बंद करून ठेवा, कारण तो आपोआप चुकीचा पिन टाकत राहतो आणि सकाळी फोन कुलूपबंद सापडतो. आयफोनमध्ये दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर सगळा डेटा पुसायची सोय तुम्ही चालू केलेली असेल, तर ती आजच बंद करा.