मराठी, कन्नड, तुर्की, जपानी: चार भाषा आणि एक फसवा नियम

मराठीत आपण 'काळी गाय' म्हणतो, विशेषण आधी आणि नाम नंतर. वाक्यात क्रियापद शेवटी येतं, 'सईने आंबा खाल्ला', म्हणजे कर्म आधी आणि क्रियापद नंतर. आता आजूबाजूला बघा. हिंदीत हेच, गुजरातीत हेच, कन्नड-तमिळमध्ये हेच, आणि आणखी लांब गेलात तर तुर्की, मंगोल, कोरियन, जपानी, सगळीकडे हीच जोडी. एवढं बघितल्यावर कोणालाही वाटणार की क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषा विशेषणही नामाच्या आधीच ठेवत असणार, काहीतरी नियम असणारच.

बरं, हे फक्त आपल्यालाच वाटतं असं नाही. १९७० च्या दशकात विनफ्रेड लेमान आणि थिओ फेनेमान या भाषाशास्त्रज्ञांनी यावर अख्खी थिअरी उभी केली होती. मुख्य शब्दाला जोडून येणारे शब्द एकतर सगळे त्याच्या आधी येतात नाहीतर सगळे नंतर, भाषेला अशी सुसंगती आवडते, अशी ती कल्पना. कर्म हे क्रियापदाला जोडलेलं आणि विशेषण नामाला, त्यामुळे दोघांचं तोंड एकाच दिशेला. दिसायला फार सुंदर कल्पना आहे, पण विशेषणाच्या बाबतीत ती चुकीची निघाली, आणि का चुकीची निघाली हे समजून घेण्यासारखं आहे कारण तीच चूक भाषांची मोजणी करताना पुन्हा पुन्हा होते.

मुळात या 'जर-तर' नियमांची सुरुवात जोसेफ ग्रीनबर्गने केली. १९६३ मध्ये छापून आलेल्या त्याच्या निबंधात जगातल्या ३० भाषा घेऊन ४५ नियम मांडले होते. त्यातले बरेचसे असे की भाषेत अमुक असेल तर तमुकही असतं. उदाहरणार्थ, वेल्शसारखी भाषा जिथे क्रियापद वाक्याच्या सुरुवातीला येतं, तिथे 'वर', 'खाली', 'मध्ये' या अर्थाचे शब्द नामाच्या आधी येतात, नेहमीच. आणि मराठीसारखी भाषा जिथे क्रियापद शेवटी येतं, तिथे हे शब्द नामाच्या नंतर येतात, नेहमी नाही पण योगायोग म्हणता येणार नाही इतक्या वेळा. आपण शाळेत शब्दयोगी अव्यय शिकलो तेच हे, 'झाडाखाली', 'घरासमोर'.

आता ग्रीनबर्गच्या त्याच ३० भाषांतल्या क्रियापद शेवटी असणाऱ्या ११ भाषा बाजूला काढा. विशेषण नामाआधी ठेवणाऱ्या सहा: हिंदी, कन्नड, बुरुशास्की, तुर्की, जपानी आणि केचुआ. विशेषण नामानंतर ठेवणाऱ्या पाच: बास्क, बर्मी, नुबियन, लोरित्जा आणि चिब्चा. सहाला पाच! यात कुठला नियम? ग्रीनबर्गने स्वतः तसा नियम मांडलाही नव्हता, त्याच्या आकड्यांत तो दिसतच नव्हता. पण या दोन याद्या नकाशावर ठेवून बघा. पहिल्या सहापैकी केचुआ सोडली तर पाचही आशियातल्या. दुसऱ्या यादीतल्या पाच मात्र पार विखुरलेल्या, एक युरोपात, एक ब्रह्मदेशात, एक नाईलच्या काठी, एक ऑस्ट्रेलियात, एक दक्षिण अमेरिकेत. म्हणजे जो 'नियम' आपल्याला घराबाहेर पाऊल टाकल्यावर सगळीकडे दिसतो तो कदाचित आपल्या खंडाचा असावा, मानवी भाषेचा नसावा, ही शंका या ११ भाषांवरूनच यायला हवी होती.

पण भाषा ३० ऐवजी हजार घेतल्या तर प्रश्न सुटेल ना? नाही सुटत, उलट बिघडतो, आणि इथेच खरी गंमत आहे.

समजा मी भारतातल्या २० आर्य भाषा घेतल्या, मराठी, हिंदी, बंगाली, ओडिया वगैरे, आणि आफ्रिकेतल्या बांटू कुळातल्या २० घेतल्या, स्वाहिली, झुलू वगैरे. आर्य भाषांमध्ये (काश्मिरी मुद्दाम वगळतो, तिच्याकडे नंतर येऊ) क्रियापद शेवटी आणि विशेषण आधी. बांटूमध्ये क्रियापद कर्माच्या आधी आणि विशेषण नामानंतर. ४० पैकी ४० भाषा नियमात चपखल बसल्या! नेहमीची संख्याशास्त्रीय चाचणी लावली तर ही वाटणी निव्वळ योगायोगाने अशी पडण्याची शक्यता सुमारे १३,८०० कोटींत एक इतकी येते. पेपर लिहायला घ्यावा असा निकाल. पण ही चाचणी एक गोष्ट गृहीत धरते, की प्रत्येक नोंद स्वतंत्र आहे. मराठीने विशेषण कुठे ठेवायचं हे बसून ठरवलं नाही, तिला ते प्राकृतातून वारशाने मिळालं आणि बंगालीलाही तसंच मिळालं. बांटू भाषांची मूळ भाषा पाचेक हजार वर्षांपूर्वी आजच्या कॅमेरून-नायजेरियाच्या सीमेजवळ बोलली जायची, तिथून पसरताना लेकींनी तीच घडण सोबत नेली. एकाच घरातल्या वीस भावंडांना आडनाव विचारून 'वीस जणांचा सर्व्हे केला' म्हणण्यासारखं हे आहे. खरे स्वतंत्र दाखले ४० नाहीत, दोन आहेत, आणि दोन दाखल्यांवरून तर काहीच सिद्ध होत नाही.

ही अडचण भाषाशास्त्राच्याही आधीची आहे. १८८८ मध्ये एडवर्ड टायलर लंडनला वेगवेगळ्या समाजांतल्या लग्नाच्या चालीरीतींवर अशीच आकडेवारी मांडत होता तेव्हा फ्रान्सिस गॉल्टनने विचारलं होतं की यातले किती समाज खरंच एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, किती जणांनी एकाच मुळातून उचललं आहे? तेव्हापासून याला गॉल्टनचा प्रश्न म्हणतात.

मग सरळ उपाय सुचतो, प्रत्येक कुळातून एकच भाषा घ्यायची. ऐकायला बरोबर वाटतं, पण करून बघा. इंडो-युरोपियन कुळातून मराठी उचलली तर क्रियापद शेवटी आणि अव्ययं नामानंतर. त्याच कुळातून वेल्श उचलली तर क्रियापद सुरुवातीला आणि अव्ययं नामाआधी. फारसी उचलली तर क्रियापद शेवटी पण अव्ययं बहुतेक नामाआधी, म्हणजे नियमालाच अपवाद. एवढं मोठं कुळ एका चिठ्ठीवर सोडायचं? शिवाय आतमध्ये झालेले बदल, जे आपल्याला सगळ्यात जास्त शिकवतात, तेच फेकून दिले जातात.

मॅथ्यू ड्रायरने १९८० च्या दशकाच्या शेवटी मधला रस्ता काढला. त्याने भाषा मोजायच्या सोडल्या आणि गट मोजायला घेतले, साधारण जर्मॅनिक किंवा आपल्या आर्य भाषांएवढे गट, ज्यांच्या आतलं नातं वादातीत असतं. एका गटातल्या सगळ्या सारख्या भाषांची मिळून एकच नोंद. पण एवढ्यावर तो थांबला नाही, कारण नातं नसलेल्या भाषाही शेजारामुळे सारख्या होतात. कन्नड आणि मराठीचं कुळ वेगळं आहे पण शतकानुशतकं दोन्ही भाषा बोलणारी माणसं एकत्र नांदली आहेत, तर त्यांना पूर्ण स्वतंत्र कसं म्हणणार? म्हणून त्याने जगाचे खंडाएवढे मोठे भाग केले, १९९२ च्या कामात सहा, आणि प्रत्येक भागात वेगळी मोजणी करून विचारलं, सगळे भाग एकाच बाजूने कौल देतात का? सहाही भाग आधीच ठरवलेल्या एका बाजूला निव्वळ नशिबाने झुकण्याची शक्यता ६४ मध्ये एक. तेरा हजार कोटींच्या तुलनेत हा आकडा किती साधा वाटतो, पण मला तो जास्त प्रामाणिक वाटतो.

या चाळणीतून शब्दयोगी अव्ययांचा नियम आरामात पार पडला. विशेषणाचा नियम गळून पडला. क्रियापद शेवटी असलेल्या भाषांमध्ये युरेशियात विशेषण आधी येतं, पण युरेशियाबाहेर ते नंतर येणंच जास्त आढळतं. ड्रायरने १९८८ च्या लेखात याला सरळ 'मिथक' म्हटलं.

जगभरच्या भाषारचनांचा जो ऑनलाइन ॲटलास आहे त्यात हे अजूनही तपासता येतं. कर्म क्रियापदाआधी ठेवणाऱ्या भाषांमध्ये २१६ ठिकाणी विशेषण आधी आहे आणि ३३२ ठिकाणी नंतर. कर्म क्रियापदानंतर ठेवणाऱ्यांमध्ये ११४ ठिकाणी आधी, ४५६ ठिकाणी नंतर. म्हणजे पहिल्या गटात ३९ टक्के, दुसऱ्यात २० टक्के. घाईत बघणारा म्हणेल की दुपटीचा फरक आहे, संबंध आहेच, आणि साधी चाचणीही त्याला दुजोरा देईल. पण हा फरक भागांनुसार फोडला की कळतं तो कुठून आला, पहिल्या गटात आशियाची गर्दी आणि दुसऱ्या गटात बांटूसारख्या मोठमोठ्या कुळांची. याउलट अव्ययांचा तक्ता बघा, कर्म आधी असणाऱ्या भाषांत ४७२ ठिकाणी अव्यय नामानंतर आणि फक्त १४ ठिकाणी आधी. असा कल कुठल्या एका खंडाच्या जोरावर येत नाही.

२०११ मध्ये मायकल डन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये वेगळीच पद्धत वापरली. जीवशास्त्रज्ञ प्राण्यांचे वंशवृक्ष वापरतात तसे त्यांनी चार भाषाकुळांचे वृक्ष घेतले, ऑस्ट्रोनेशियन, इंडो-युरोपियन, बांटू आणि उटो-अझ्टेकन, आणि फांदीफांदीवर बघितलं की एक गोष्ट बदलली की दुसरीही बदलते का. नोंद आता भाषेची नाही, बदलाची. वंशाची अडचण सोडवायचा हाच सगळ्यात सरळ मार्ग आहे असं माझं मत आहे. त्यांचा निष्कर्ष होता की प्रत्येक कुळाचे नियम वेगळे, सार्वत्रिक असं फारसं काही नाही. त्यावर बरीच टीका झाली आणि ती मला पटते. ज्या कुळात शब्दक्रम जवळपास बदललाच नाही, जसं बांटू, तिथे दोन गोष्टी एकत्र बदलतात की नाही हे दिसणार कसं? एका कुळात संबंध सापडला आणि दुसऱ्यात सापडला नाही, याचा अर्थ दुसऱ्यात तो नाहीच असा होत नाही, कदाचित तिथे बघण्याइतके बदलच झाले नसतील.

म्हणूनच या मोजणीत मला काश्मिरी महत्त्वाची वाटते. ती आपल्याच आर्य भाषांपैकी, पण तिच्या मुख्य वाक्यात क्रियापद शेवटून उठून दुसऱ्या जागी आलंय, कर्म बहुतेकदा त्याच्या मागे पडतं. अव्ययं मात्र अजून नामानंतरच आहेत. क्रियापद आधी हललं, अव्ययं हलली नाहीत, निदान अजून तरी नाही. न बदललेल्या वीस बहिणींपेक्षा ही एक नोंद जास्त सांगून जाते, आणि प्रत्येक कुळातून एकच भाषा उचलणाऱ्याच्या हाती ती बहुधा लागलीच नसती.