कमोडच्या बुडातून पाणी येतंय: बोल्ट ढिले का सील गेलंय?

सांगलीत माझं सॅनिटरीचं छोटं दुकान आहे, आणि आठवड्यातनं दोघं-तिघं तरी येऊन म्हणतातच, "दादा सिलिकॉनची एक ट्यूब द्या, फ्लश केला की कमोडच्या खालनं पाणी येतंय." मी आधी एकच विचारतो, बसल्यावर कमोड हलतो का? यावर निम्मे लोक गप्प होतात कारण बघितलेलंच नसतं. बोल्ट ढिले असले तरी पाणी बुडाशीच येतं आणि सील गेलं तरी तिथंच येतं, दोन्हीत फ्लश केल्यावरच येतं, म्हणून दोन्ही एकच वाटतात. पण एकाला पाना लागतो आणि दुसऱ्याला अख्खा कमोड उचलावा लागतो.

फ्लश केल्यावरच का येतं ते आधी बघा. कमोडमध्ये जे पाणी कायम दिसतं ते त्याच्या स्वतःच्या वळणात अडकलेलं असतं, खाली जमिनीतल्या पाइपशी जिथं जोड आहे तिथं एरवी पाणीच नसतं. फ्लश केला की सहा ते दहा लिटर पाणी दोन-चार सेकंदात त्या जोडावरनं जातं, आणि तिथं जी मेणाची रिंग किंवा रबर बसवलेलं असतं तेच आमचं सील. त्यामुळं दिवसभर थेंब थेंब चालूच असेल तर ही गोष्टच वेगळी, कमोडला चीर असेल नाहीतर वरनं कुठूनतरी गळत असेल.

ते वरचं आधी तपासाच, कारण अँगल कॉक किंवा टाकीच्या जोडातनं आलेलं पाणी कमोडच्या पाठीवरनं ओघळून बरोबर बुडाशीच जमतं आणि लोक उगाच खाली खोदत बसतात. टाकीखालचा जोड, नळी, कॉक सगळं कोरडं पुसा, टिश्यू पेपर गुंडाळा, बुडाभोवतीपण कोरड्या पेपरच्या पट्ट्या लावा आणि फ्लश करा. वरचा पेपर कोरडा आणि खालचा ओला, तर मग पुढचं वाचा. आणि फ्लश केल्यावर पाणी वर चढून हळूहळू उतरत असेल तर आधी लाइनचा चोक काढा, चोकअपच्या दाबानं चांगलं सीलपण गळतं.

आता बोल्ट. कमोडवर बसून डावीकडं-उजवीकडं वजन टाका, नाहीतर दोन्ही हातानं धरून हलवा. बारीकशी हालचाल जरी जाणवली, कट्कट् आवाज आला, किंवा पांढऱ्या सिमेंटची कड सुटून भुगा पडला असेल तर बोल्ट ढिलेत. टोपणं काढा, नट हातानं फिरतोय का बघा. आवळताना एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी, असं करू नका, एकदा इकडं पाव फेरा, एकदा तिकडं पाव फेरा, आणि हालचाल थांबली की हात आवरा. चिनीमातीला लवचिकता नसते, अजून एक फेरा म्हणता म्हणता पायाला चीर जाते आणि मग नवा कमोडच. नट फिरतोय पण घट्टच होत नाही, तर बोल्ट ज्यात बसतो ती खालची गिट्टी जमिनीत सैल झालीय, ती काढून नवी मोठी बसवायची, गंजका बोल्टपण बदलायचा, स्टेनलेसचाच घ्या. फरशी उंचसखल असेल तर बोल्टच्या जोरावर कमोड सरळ करायला जाऊ नका, खाली प्लास्टिकच्या पाचरी घाला. पुठ्ठा-लाकूड घालतात लोक, ते भिजतं, दबतं आणि कमोड परत डुलायला लागतो.

इथंच लोक फसतात. बोल्ट आवळले, कमोड घट्ट झाला, पाणी मात्र येतंच आहे, आणि मग म्हणतात की बोल्ट नीट आवळला नसेल, अजून आवळतात. अहो, मेणाची रिंग एकदा दाबली की तशीच राहते, ती रबरासारखी परत फुगत नाही. कमोड दोन-तीन महिने हलत राहिला तर एका बाजूनं मेण चेपून फट पडलेली असते, त्यामुळं हलणं थांबलं तरी फट काही भरत नाही. म्हणजे रोग बोल्टचाच होता, पण आता सील गेलंय. म्हणून मी सांगतो, आवळल्यावर दोन-तीन दिवस पेपरच्या पट्ट्या ठेवून बघा, कोरड्या राहिल्या तर सुटलात.

याच्या उलट, कमोड खडकासारखा घट्ट, तरी फ्लशला पाणी आणि सोबत गटाराचा वास, म्हणजे सीलच. विश्रामबागच्या एका तात्यांकडं असंच होतं. २०१९ च्या पुरानंतर त्यांनी खालच्या मजल्यावर जुन्या फरशीवरच नवीन फरशी टाकून घेतली आणि तोच कमोड परत बसवला, दोनेक वर्ष काही झालं नाही आणि मग फ्लश केला की पुढं डाव्या अंगाला पाणी यायला लागलं. तात्यांनी दोनदा बोल्ट आवळले, एकदा बाहेरनं सिलिकॉन मारलं. आम्ही अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी केली, कमोडमधलं पाणी मग्यानं आणि फडक्यानं काढलं, कड कटरनं कापून कमोड उचलला तर मेणाच्या रिंगवर अर्ध्याच बाजूला ठसा, बाकीची तशीच गोल. पाइपचं तोंड नवीन फरशीच्या जवळजवळ दोन सेंटीमीटर खाली, जुनी होती त्या पातळीला. फरशी वर आली, पाइप तिथंच राहिला, रिंग पोचणार कशी? तिथं पांढऱ्या सिमेंटनंच कसंबसं धरून ठेवलेलं होतं, ते तडकलं आणि पाणी निघालं.

आधी पाइपच्या तोंडात फडकं कोंबलं, वास येतो आणि वस्तू पडली तर गेलीच. जुनं मेण पूर्ण खरवडलं. दोन रिंगा एकावर एक ठेवूया असं मिस्त्री म्हणत होता, मी नको म्हटलं, मधून सरकतात. पाइपच्या आत शिरणारा रबराचा लांब कनेक्टर घातला, फडकं काढलं, कमोड सरळ वरनं खाली सोडला, एकदा टेकला की परत उचलायचा नाही, उचललात तर मेणाची रिंग असेल तेव्हा ती फुकट गेली म्हणून समजा.

एक गोष्ट मात्र खरी, आपल्याकडं बरेच कमोड खाली भरपूर सिमेंट घालून बसवलेले असतात, ते काढताना फुटायची शक्यता असते. मिस्त्रीला काम सुरू करायच्या आधीच तसं विचारून ठेवा, नंतर भांडण नको.

आणि सिलिकॉन मी विकतो, पण सगळं झाल्यावर. गळतंय म्हणून चारी बाजूनं लावलंत तर पाणी आत तुंबून फरशीखाली आणि वरचा मजला असेल तर खालच्याच्या छतात उतरतं. शेवटी लावताना मागच्या बाजूला चार बोटं जागा मोकळी सोडा, परत कधी सील गेलं तर तिथूनच कळेल. तात्या ती फट बघून म्हणाले, "अरे हे अर्धवट ठेवलंस की," आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच ती बुजवली.