सावलीची रेघ भिंत होते तेव्हा

विटांच्या एका दुमजली घराचा फोटो आहे. तेच घर लाकडी फळ्यांचं, बर्फात उभं असलेलं कसं दिसेल, हे पाहायचंय. चित्र तयार करणाऱ्या मॉडेलला हे नुसतं शब्दांत सांगितलं, तर घर सुंदर मिळतं, पण भलतंच. चार खिडक्यांच्या सहा होतात, छपराचा उतारही बदलतो. म्हणून मॉडेलला शब्दांसोबत कडांचा नकाशा देतात: काळ्यावर पांढऱ्या बारीक रेषा, बाकी काही नाही. 2023 मध्ये मांडलेल्या कंट्रोलनेट या पद्धतीत मूळ मॉडेलला हात न लावता त्याच्या एका भागाची प्रत घेतात आणि तिला असा नकाशा पाळायला शिकवतात.

या रेषा काढायला बहुतेक वेळा जॉन कॅनी यांची 1986 ची रीत वापरतात. आधी फोटो किंचित धूसर करायचा, म्हणजे बारीकसारीक ठिपके जातात. मग उजेड कुठे एकदम बदलतो ते पाहायचं आणि तिथे एकच पातळ रेघ ठेवायची. शेवटी दोन उंबरठे लावायचे, समजा 100 आणि 200. बदल 200 च्या वर असेल तर रेघ पक्की. 100 च्या खाली असेल तर बाद. मधली रेघ एखाद्या पक्क्या रेघेला जोडलेली असेल तरच राहते.

सगळी मेख या दोन आकड्यांत आहे. आपल्या घरासाठी ते फार खाली ठेवले, तर विटांमधली प्रत्येक सांध नकाशात उतरते आणि मॉडेल मुकाट्याने विटेच्या आकाराचे लाकडी ठोकळे रचतं. आकडे वाढवले की सांधी जातात, पण भिंतीच्याच रंगाची खिडकीची चौकटही जाते. छपराची भिंतीवर पडलेली गडद सावली मात्र जागची हलत नाही, कारण तिथला उजेडाचा फरक चौकटीपेक्षा मोठा असतो. मॉडेलला ती सावली आहे हे कळायला मार्ग नाही. ते तिथे सरळ एक पट्टी किंवा कठडा बांधून टाकतं.

इथे उंबरठ्यांशी झटत बसण्यात अर्थ नाही. नकाशावर काळा ब्रश फिरवून सावलीच्या रेघा पुसाव्यात, पुसट झालेली चौकट पांढऱ्याने ओढावी. (ढगाळ दिवसाचा फोटो मिळाला तर अर्धं काम वाचतं.) नकाशाचा जोर थोडा कमी करून किंवा चित्र तयार होण्याच्या शेवटच्या काही पायऱ्यांत तो काढून घेऊन बर्फाला कडा झाकायला वाव देता येतो. मात्र जोर फार उतरवला की खिडक्या सरकू लागतात.

ते नुसत्या नजरेने पटकन लक्षात येत नाही. तयार चित्राचाही कडांचा नकाशा काढून पहिल्यावर ठेवावा. खिडक्यांच्या आणि छपराच्या रेघा जुळल्या पाहिजेत. जुळल्या, तरी खोली, म्हणजे काय पुढे आणि काय मागे, ती बरोबर आलीच असं नाही. आत घेतलेली खिडकी आणि भिंतीवर रंगवलेली खिडकी, दोन्हींच्या कडा जवळपास सारख्याच दिसतात. तो फरक हवा असेल, तर सोबत खोलीचा वेगळा नकाशा द्यावा लागतो.