बरोबरीचे वायदे विकल्याने जोखीम संपत नाही

‘गोदामात 100 खंडी रुई असेल, तर 100 खंडींचेच वायदे विकावेत, मग भावाची जोखीम उरत नाही ना?’

उरते, कारण नागपूरचा हजर भाव आणि वायद्याचा भाव यांतील फरक, म्हणजे बेसिस, प्रत, वाहतूक आणि स्थानिक मागणीनुसार हलत राहतो. समजा, आठवड्याला हजर भावातील बदलाचे प्रमाण विचलन खंडीमागे 500 रुपये, वायद्याचे 600 आणि दोहोंचा सहसंबंध 0.84 आहे. हजर भावातील बदलाचे वायद्यातील बदलावर रिग्रेशन केल्यास उतार 0.84 × 500 ÷ 600, म्हणजे 0.70 येतो, तेव्हा सुमारे 70 खंडींचेच वायदे विकावेत. त्यानंतर उरणारे विचलन 271 रुपये असते, तर बरोबरीचे वायदे विकल्यास ते 326 रुपये राहते. जास्त विकून जोखीम वाढते, हेच अनेकांना पटत नाही.

वायदे विकून घेतलेल्या या संरक्षणाची, म्हणजे हेजची, परिणामकारकता मात्र उतारावरून नव्हे, सहसंबंधाच्या वर्गावरून, म्हणजे R² वरून वाचावी. येथे तो 0.71 आहे, म्हणजे विचरणाचा 29 टक्के भाग बेसिसची जोखीम म्हणून उरतोच. रिग्रेशन बदलांऐवजी थेट भावांवर केल्यास दोन्ही भाव एकत्र चढल्यामुळेच R² फसवा मोठा दिसतो. म्हणून बदलच घ्यावेत, आणि तेही हेजच्या मुदतीएवढ्या अंतराचे. हंगाम पालटला की उतारही पालटतो.